२.९ चा आकडा कुणाचा: काउंटरसिंकचा की चॅम्फरचा?

शिरोली एमआयडीसीतल्या एका शॉपवर झालेली गोष्ट. पंपाच्या कव्हरला इंची १/४ चे सपाट डोक्याचे स्क्रू बसवायचे होते. भोक ६.६ मिमी, त्यावर सीएसके, म्हणजे स्क्रूचं डोकं आत बसवायचा काउंटरसिंक. पहिल्या जॉबवर स्क्रू आवळला तर डोकं पृष्ठभागाच्या वर राहिलं, नखाला लागेल इतकं. पोरगा म्हणाला, "अण्णा, आकडा तर बरोबरच टाकलाय, २.९." आकडा बरोबर होता, पण तो दुसऱ्या मापाचा होता.

सीएसके आणि चॅम्फर दिसायला एकच: भोकाच्या तोंडाला पाडलेला उतार. पण ड्रॉइंगवर त्यांची मापं वेगळ्या पद्धतीनं लिहितात. सीएसकेला वरच्या तोंडाचा पूर्ण व्यास आणि दोन्ही भिंतींमधला पूर्ण कोन देतात, जसं १२.४ व्यास, ९० अंश. चॅम्फरला फक्त एका बाजूचं माप आणि एका बाजूचा कोन देतात: २.९ × ४५. हे दोन्ही एकाच खड्ड्याचं वर्णन आहे, कारण १२.४ मधून ६.६ वजा करून निम्मे केले की २.९ येतात आणि ९० चे निम्मे ४५.

सूत्र असं. d भोकाचा व्यास, h उताराची सरळ खोली, A पूर्ण कोन:

```
D = d + 2 * h * tan(A/2)
c = (D - d) / 2
```

c म्हणजे चॅम्फरचं आडवं माप. ९० अंशाच्या मेट्रिक स्क्रूला tan 45 म्हणजे बरोबर १, म्हणून खोली आणि आडवं माप सारखंच येतं. इथंच सवय बिघडते. वर्षानुवर्षं ९० अंशाचंच काम केलेल्या माणसाला २.९ खोली आहे की रुंदी, असा प्रश्न कधी पडतच नाही.

आपल्या कव्हरचे स्क्रू अमेरिकी पद्धतीचे, ८२ अंशाचे होते. निम्मा कोन ४१, आणि tan 41 = 0.869. तोंड १२.४ हवं असेल तर आडवं माप २.९ च राहतं, पण खोली २.९ भागिले ०.८६९, म्हणजे ३.३४ मिमी लागते. पोरानं चॅम्फरचं २.९ खोली म्हणून टाकलं. मग तोंड झालं ६.६ + २ × २.९ × ०.८६९, म्हणजे ११.६४. डोकं व्हर्नियरवर १२ भरत होतं. फरक ०.३६, त्याचा निम्मा ०.१८, भागिले ०.८६९: साधारण ०.२ मिमी डोकं वर. नखाला लागलं ते हेच.

सॉफ्टवेअरमध्ये चॅम्फर अंतर आणि कोन देऊन पाडताना आणखी एक गोम आहे. ४१ अंश हा भोकाच्या अक्षाशी होणारा कोन. तोच उतार पृष्ठभागापासून मोजला तर ४९ भरतो. ४५ ला दोन्ही सारखे, म्हणून तिथंही कुणाचं लक्ष जात नाही. एक्सेलमध्ये गणित करणाऱ्यांनी `=TAN(RADIANS(41))` लिहावं, नुसतं `TAN(41)` नको. आणि निम्मा कोन घ्यायचा विसरून ८२ टाकलात तर २.९ खोलीलाच तोंडाचा व्यास ४८ मिमीच्या आसपास येईल. ही चूक निदान लगेच दिसते तरी!

३.३४ ही उताराची भोकातली खोली; मशीनचा झेड, म्हणजे टूल शून्यापासून किती खाली उतरतं ते माप, नव्हे. टूलचं टोक भोक पाडण्याआधी पृष्ठभागाला टेकवून शून्य घेतलं असेल आणि टोक अणकुचीदार असेल, तर १२.४ च्या तोंडासाठी ६.२ भागिले ०.८६९, म्हणजे ७.१३ खाली जावं लागतं. टोक २ मिमी सपाट असेल तर ५.९८ पुरे. म्हणून मी आधी थोडं कमी उतरवतो, तोंडाचा व्यास मोजतो आणि उरलेला फरक सूत्रात घालून झेड वाढवतो. ८२ ला व्यास ०.१ नं वाढवायचा तर खोली जेमतेम ०.०६ वाढते, हे लक्षात असू द्या.

व्यास बरोबर आला तरी कोन चुकलेला असू शकतो. डोक्याच्या उतारावर निळा रंग पातळ लावून स्क्रू फिरवा. रंग फक्त वरच्या कडेला पुसला गेला तर खड्ड्याचा कोन स्क्रूपेक्षा लहान आहे, म्हणजे बहुधा ९० च्या स्क्रूला ८२ चं टूल लागलंय. फक्त खाली भोकाच्या कडेशी पुसला गेला तर उलटं. दोन्ही वेळा स्क्रू एका रेघेवर टेकतो. व्यास कितीही वाढवला तरी डोकं फक्त अजून खाली जाईल, बसणार नाही. टूलच बदलावं लागेल.

त्या कव्हरवर टूल ८२ चंच होतं, म्हणून खोली २.९ वरून ३.३४ केली आणि काम झालं. डोकं आता पृष्ठभागाच्या ०.२३ खाली बसतं.