हवामानाच्या अ‍ॅपला तुमचं घर कशाला माहीत हवं?

दिंडोरीत द्राक्षबाग, नोकरी सातपूर एमआयडीसीत आणि घर इंदिरानगरला, असे लोक नाशकात काही कमी नाहीत. डोळे सारखे आभाळाकडे, त्यामुळे फोनवर हवामानाचं एखादं अ‍ॅप असतंच. ते उघडलं की लोकेशन मागतं आणि घाईत 'हो' म्हटलं जातं. या 'हो'मध्ये खरं तर दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. अ‍ॅपला लोकेशन कधी मिळणार, आणि किती अचूक मिळणार?

आधी अचूकतेचं बघू. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत अचूक जागा सांगतं. म्हणजे सोसायटी तर कळतेच, पण कितवी इमारत हेही बहुतेक वेळा कळतं. आता हवामानाचा अंदाज कसा निघतो ते पाहा. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच अंदाज देतं. आपल्या हवामान खात्याने 2025 मध्ये सुरू केलेल्या भारत फोरकास्ट सिस्टममध्ये हा चौकोन 6 किलोमीटरचा आहे. अनेक अ‍ॅप्स ज्या जागतिक मॉडेलांवर चालतात, त्यांचे चौकोन याहून मोठे असतात. त्यामुळे 5 मीटरची अचूकता दिली म्हणून अंदाज सुधारत नाही. अँड्रॉइड 12 पासून परवानगीच्या चौकटीत वर दोन गोल चित्रं दिसतात, 'Precise' आणि 'Approximate'. दुसरं निवडलं की अ‍ॅपला सुमारे 3 चौरस किलोमीटरचा अंदाजे भागच कळतो. आयफोनवर यासाठी 'Precise Location' हे बटण बंद करायचं.

आपल्या बागायतदाराला तर तेवढंही द्यायची गरज नाही. आठवड्यातले सहा दिवस फोन नाशकात आणि बाग दिंडोरीत. फोनच्या जागेवरून मिळणारा अंदाज बागेच्या कामाचाच नाही. अ‍ॅपमध्ये 'दिंडोरी' असं नाव टाकलं आणि लोकेशनला 'Don't allow' केलं, तर माहिती उलट जास्त कामाची मिळते.

आता 'कधी'चा प्रश्न. माझ्या मते खरा धोका इथे आहे. 'Allow all the time' म्हणजे अ‍ॅप बंद असतानाही ते लोकेशन घेऊ शकतं. अशा नोंदींमधून नाव आणि नंबर काढून टाकले तरी रात्रीचा ठिपका इंदिरानगरला, दिवसाचा सातपूरला आणि रविवारचा दिंडोरीतल्या एका ठरावीक बागेत, असा माणूस किती जण असणार? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 लाख मोबाइलधारकांच्या 15 महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यात जागा मोबाइल टॉवरइतकी ढोबळ आणि वेळ तासाभराची होती. तरीही कुठलेही चार ठिपके मिळाले तर 95 टक्के लोक गर्दीतून वेगळे ओळखता येत होते. मंगळवारी संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात थांबलेला ठिपका मग आपोआप एका माणसाचा होतो.

कायमची परवानगी नाही दिली तर रस्ता दाखवणं मध्येच थांबेल, अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. 'Allow only while using the app' असतानाही नॅव्हिगेशन सुरू करून स्क्रीन बंद केली तरी ते चालू राहतं, फक्त वर नोटिफिकेशन दिसत राहायला हवं. टॅक्सी आणि घरपोच डिलिव्हरीचंही एवढ्यात भागतं. त्यांना अचूक जागा मात्र द्यावी लागते, नाहीतर चालक भलत्याच गल्लीत उभा राहतो. कायमची परवानगी लागते ती घरच्यांना आपण कुठे आहोत हे सतत दाखवणाऱ्या, किंवा ठरावीक जागी पोहोचल्यावर आठवण करून देणाऱ्या अ‍ॅप्सना. म्हणून कसोटी एकच लावायची: अ‍ॅप बंद असताना ते माझं कुठलं काम करतं? उत्तर सुचलं नाही तर ही परवानगी नाकारायची.

अँड्रॉइड 11 पासून कायमचा पर्याय त्या चौकटीत येतच नाही, अ‍ॅप तुम्हाला सेटिंग्जच्या पानावर नेऊन तो निवडायला लावतं. हवामानाचं किंवा टॉर्चचं अ‍ॅप असं तिथे घेऊन गेलं, तर तिथेच थांबा.

आधीच दिलेल्या परवानग्या तपासायला सेटिंग्जमध्ये 'Privacy dashboard' शोधा. त्यात Location वर टॅप केलं की मागच्या 24 तासांत कुठल्या अ‍ॅपने किती वाजता लोकेशन घेतलं ते ओळीने दिसतं. पहाटे तीनच्या सुमाराला, तुम्ही झोपेत असताना, हवामानाच्या अ‍ॅपची नोंद दिसली तर त्याच ओळीवरून त्याची परवानगी बदलता येते.

एवढं केल्यावर पुढचं थांबतं, मागचं नाही. आधी गेलेले ठिपके त्या कंपनीकडे असू शकतात, ते पुसून हवे असतील तर अ‍ॅपमधून खातं आणि डेटा डिलीट करण्याची विनंती वेगळी करावी लागते. अ‍ॅप नुसतं फोनवरून काढून टाकल्याने ती होत नाही. शिवाय इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून शहराचा ढोबळ अंदाज अ‍ॅपला बांधता येतोच, आणि फोन कुठल्या टॉवरला जोडलेला आहे हे मोबाइल कंपनीला कळतंच, कारण त्याशिवाय तुमचा फोन वाजणार नाही.