शेवटच्या सोनोग्राफीतील तारीख आणि पहिला अहवाल
आमच्या केंद्रात येणाऱ्या गर्भवती भगिनी व कुटुंबीयांसाठी माहिती

पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आलेल्या अनेक भगिनी आठव्या-नवव्या महिन्यात आमच्याकडे तपासणीला येतात आणि पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीचा अहवाल सासरीच राहिलेला असतो. मग नव्या अहवालातील दिवस भरण्याची तारीख वेगळी दिसली की "तारीख पुढे गेली का?" असा प्रश्न येतो, आणि जुना अहवाल मागवण्यात सर्वांचाच वेळ जातो.

मशीन बाळाचे वय थेट मोजत नाही. ते डोक्याचा घेर (अहवालातील HC) आणि मांडीच्या हाडाची लांबी (FL) घेऊन एवढी मापे सरासरीने कोणत्या आठवड्यात आढळतात ते सांगते. पहिल्या तिमाहीत बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून काढलेले वय साधारण पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते; अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर मात्र हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो, कारण तोवर प्रत्येक बाळाची वाढ आपापल्या गतीने होऊ लागलेली असते. शिवाय या काळात मांडीचे हाड आठवड्याला जेमतेम दोन मिलीमीटर वाढते, त्यामुळे हाड तिरके दिसून माप दोन मिलीमीटर कमी भरले तरी वय आठवड्याने कमी निघते. म्हणूनच हाड पडद्यावर आडवे येईपर्यंत आम्ही थांबतो आणि माप पुन्हा घेतो. तपासणीला थोडा अधिक वेळ लागतो तो यासाठी.

समजा, पहिल्या अहवालानुसार तारीख १२ मार्च आहे आणि १२ फेब्रुवारीला, म्हणजे ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर, तपासणी झाली. डोक्याचा घेर ३०६ आणि मांडीचे हाड ६६ मिलीमीटर भरले, तर मशीन सुमारे ३४ आठवडे व २६ मार्च ही तारीख दाखवेल. तरीही तारीख १२ मार्चच राहते. बाळ मापाने दोन आठवडे मागे आहे, एवढाच या आकड्यांचा अर्थ. हे बाळ अंगानेच लहानखुरे असेल, किंवा त्याची वाढ खुंटत असेल. ते ठरवण्यासाठी पोटाचा घेर, गर्भजल आणि गरजेनुसार डॉपलरने बाळाचा रक्तप्रवाह पाहावा लागतो. तारीखच २६ मार्च धरली, तर हेच बाळ वयाच्या मानाने अगदी योग्य दिसेल आणि खुंटलेली वाढ लक्षातच येणार नाही.

यासाठी आमच्या अहवालात पहिल्या सोनोग्राफीनुसार वय आणि आजच्या मापांनुसार वय अशा दोन स्वतंत्र ओळी असतात, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना तुलना लगेच करता येते. त्यासाठी वेगळे शुल्क नाही. सासरहून कागद येणे शक्य नसेल तर पहिल्या अहवालाच्या पूर्ण पानाचा मोबाइलवरील फोटो चालेल. त्यात तपासणीची तारीख मात्र स्पष्ट वाचता यावी. तो अहवाल मुळीच नसेल, तर शेवटच्या पाळीची तारीख आणि पाचव्या महिन्यातील अहवाल आणावा. यांपैकी काहीच नसल्यास एका तपासणीवरून पक्की तारीख आम्ही देत नाही. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन आठवड्यांनी पुन्हा मापे घेऊन मधल्या काळातील वाढ पाहतो.