सांडलेल्या ॲसिडवर कॉस्टिक सोडा?

“ॲसिड सांडलं की लगेच कॉस्टिक सोडा ओता, दोन्ही एकमेकांना मारतात.”

मारतात खरं, पण उष्णता सोडून. १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि १ मोलर कॉस्टिक सोडा १०-१० मिली थर्माकोलच्या कपात मिसळा. पारा साधारण ६ अंश चढतो. बाटलीतलं तीव्र ॲसिड सुमारे १२ मोलर! तिथे द्रव उसळून अंगावर येतो, वर उरलेला कॉस्टिकही कातडी जाळतो.

म्हणून ज्याच्या हातून सांडलं त्याने ओरडून सांगायचं आणि मागे सरायचं. सर मुलांना बाहेर काढतात. गॉगल-हातमोजे घालून प्रयोगशाळा सहायक खाण्याचा सोडा कडेकडून आत टाकतो (त्याची बादली ॲसिडच्या कपाटाजवळच हवी, कॉस्टिक मात्र वेगळ्या कपाटात). फसफस थांबली, निळा लिटमस लाल होईना, की पुसायचं. अंगावर उडालं तर कुठलाच सोडा नको. १५ मिनिटं नळाखाली.