०.६१ की ०.६९? हस्तलिखित सातबाऱ्यातली खाडाखोड आणि संगणकात गेलेला आकडा

सातारा-सांगलीकडे क्षेत्रदुरुस्तीचे जे अर्ज तहसीलमध्ये पडतात, त्यातल्या बऱ्याच अर्जांचं मूळ जुन्या हस्तलिखित पुस्तकाच्या एखाद्या चौकटीत असतं. तिथे एक आकडा खोडलेला असतो, त्यावर दुसरा गिरवलेला असतो आणि टाइप करणाऱ्याने त्यातला एक उचललेला असतो.

हक्कनोंदणी मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली आणि १९१३ मध्ये जमीन महसुलाच्या मुख्य कायद्यात सामावली गेली. आजच्या सांगली जिल्ह्यात, म्हणजे १९४९ ते १९६० च्या दक्षिण साताऱ्यात, संस्थानांची गावंही आली आणि त्यांची दफ्तरं त्यांच्या त्यांच्या वळणाची होती. सध्याची महसूल संहिता १९६६ ची, १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झालेली. खाडाखोडीचा खरा इतिहास मात्र यानंतरचा आहे.

रीत साधी होती. नाव कमी करायचं तर त्याला कंस करायचा. आकडा बदलायचा तर जुन्यावर एकच आडवी रेष मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. नवा आकडा वर किंवा शेजारी लिहायचा, फेरफाराचा नंबर वर्तुळात टाकायचा आणि आद्याक्षरी सही करायची. प्रत्यक्षात सातबाऱ्याची चौकट बोटभर रुंद. तिसऱ्या खरेदीनंतर शेजारी जागाच उरत नसे. मग आठाचा सहा तिथल्या तिथे गिरवला जाई. पातळ कागदावर शाई फुटे, कुठे ब्लेडने खरवडल्यामुळे भोक पडे, पुढच्या काळात पांढरी शाई आली. देवनागरीतले १ आणि ९ घाईत लिहिले तर सारखेच दिसतात, आणि गिरवल्यावर तर विचारूच नका.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. एक म्हणजे मापं बदलली. एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. १ एकर २० गुंठे म्हणजे ०.६१ हेक्टर, पण काही ठिकाणी हेक्टरच्या रकान्यात सरळ १.२० लिहिलं गेलं, म्हणजे जवळजवळ तीन एकर. लक्षात आल्यावर ते गिरवून दुरुस्त झालं, आणि या दुरुस्तीला फेरफार नव्हता, कारण हक्क कुणाचाच बदललेला नव्हता. दुसरी गोष्ट दर दहा वर्षांनी होणारं पुनर्लेखन. पुस्तक भरलं की तलाठी नव्या पुस्तकात फक्त चालू नोंदी उतरवी आणि कंसातली नावं मागे राहत. म्हणजे ‘शेवटचा आकडा कोणता’ हे ठरवण्याचं काम संगणकाच्या कितीतरी आधीपासून दर दशकाला एकदा होतच होतं. फरक इतकाच की तेव्हा जुनं पुस्तक शेजारच्याच कपाटात असे.

संगणकात सातबारा आला तो शतक बदलताना, आणि तो टाइप करणारे बहुतेक ठेक्यावरचे होते. त्यांच्यासमोर फेरफाराची वही नसे. चौकटीत दिसेल ते टंकलं. पुढे ई-फेरफार आला तेव्हा आधीचा डेटा हस्तलिखिताशी ताडून पाहणं भाग पडलं. दुरुस्तीची एक फेरी झाली, २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झालं, त्यातून निघालेल्या चुकांसाठी आणखी एक फेरी झाली. या सगळ्यात वादाचा ठरला एकच आदेश: संगणकीय सातबारा हस्तलिखिताशी तंतोतंत जुळला पाहिजे.

तंतोतंत, पण कोणत्या आकड्याशी? एका बाजूचं म्हणणं असं की तलाठ्याला अर्थ लावण्याचा अधिकारच नाही. वरचा आकडा शेवटचा, तोच टाका. चुकीचा असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश घ्या. कायद्याच्या नजरेने यात तथ्य आहे. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठीच ते कलम आहे, आणि कलम १५७ प्रमाणे नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. दुसरी बाजू म्हणे, गिरवलेला आकडा वाचणं हाच मुळात अर्थ लावणं आहे. मग तो डोळ्यांनी लावण्यापेक्षा फेरफार पाहून लावा. मला दुसरं म्हणणं पटतं, कारण पहिल्यात ‘वरचा आकडा’ वाचता येतो हे गृहीतच धरलेलं आहे.

उदाहरणादाखल कोरेगाव तालुक्यातला एक गट धरू. क्षेत्र २.४३ हेक्टर, आकार म्हणजे जमिनीचा सारा ९ रुपये ७२ पैसे, तिघे भाऊ, प्रत्येकी ०.८१. थोरल्याने २० गुंठे, म्हणजे ०.२० विकले. त्याच्या चौकटीत ०.८१ वर काहीतरी गिरवलंय, ते ०.६१ वाचा किंवा ०.६९. आधी बेरीज घ्या. ०.६१, ०.८१, ०.८१ आणि खरेदीदाराचे ०.२० मिळून २.४३ होतात, गटाशी जुळतात. ०.६९ घेतलं तर २.५१, म्हणजे आठ आर जास्त. मग शेजारचा आकाराचा रकाना पाहा, कारण तो क्षेत्राच्या प्रमाणात वाटलेला असतो. इथे हेक्टरी चार रुपये पडतात. थोरल्यापुढे २.४४ असेल तर क्षेत्र ०.६१च, ०.६९ ला २.७६ लागले असते. शेवटी वर्तुळातल्या नंबराचा फेरफार काढून ‘२० गुंठे’ वाचायचं. तिन्ही जुळले की टाइप करायला हरकत नाही.

बेरीज मात्र नेहमी साथ देत नाही. दोन धाकट्यांच्या चौकटी गिरवून ०.७१ आणि ०.९१ केल्या असतील, तर एकूण तेच राहतं आणि तपासणीचा अहवाल गप्प बसतो. आकार दोघांपुढे ३.२४ असाच असेल तर संशयाला जागा आहे: वाटप रीतसर झालं असतं तर २.८४ आणि ३.६४ झाले असते. पण आकार बदलायला विसरणंही शक्य आहे, त्यामुळे इथे वाटपाचा फेरफार मिळाल्याशिवाय कोणताच आकडा ठामपणे घेता येत नाही.

आणि सगळ्यात फसवी जागा पेन्सिलीची. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित करेपर्यंत सातबाऱ्यावर त्याची नोंद पेन्सिलीने ठेवायची रीत होती. कुठे घाईने तो अंमल शाईतच दिला जाई. पुढे फेरफार रद्द झाला, तरी वर गिरवलेला आकडा कधी तसाच राही. अशा चौकटीत दोन थर असतात, आणि खरा आकडा खालचा, आधी लिहिलेला असतो. ‘शेवटी लिहिलेला’ आणि ‘शेवटी कायम झालेला’ हे एकच, असं मानणारे नेमके इथे अडकतात. फेरफाराच्या वहीत ‘रद्द’ शेरा पाहिल्याखेरीज हे कळत नाही, आणि टाइप करताना ती वही उघडली का, याची खूण संगणकात कुठेच राहिली नाही. तिथे एकच स्वच्छ आकडा बसतो; त्याखाली काय खोडलं होतं याला रकाना नव्हता.

जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत हा प्रश्न १९६९ च्या कायद्याने वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. तिथे मूळ नोंदीला हात लावायचा नाही. दुरुस्ती समासात लिहून सही आणि तारीख टाकायची. सातबाऱ्याच्या पानाला तेवढा समास मिळालाच नाही.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले आणि आकड्यावर एक प्रकारे शिक्का बसला. त्यापुढच्या नव्या नमुन्यात कमी झालेल्या नोंदी कंस करून वर आडवी रेष मारून दाखवतात, म्हणजे जुनी रीत छापील स्वरूपात परत आली. पण ती नव्या बदलांसाठी. आधीच्या थरांसाठी अजून कलम १५५ चाच रस्ता आहे. त्या अर्जाला नुसती गिरवलेल्या पानाची नक्कल जोडली तर वाद ‘मला असं दिसतं’ यावरच अडतो. सोबत त्याच्या आधीच्या दहा वर्षांच्या पुस्तकातलं पान, वर्तुळातल्या नंबराचा फेरफार आणि गटाचा आकारबंद, म्हणजे मूळ क्षेत्र आणि आकाराची नोंद, मागून घेतला, तर बेरीज आणि आकार दोन्ही समोरासमोर मांडून दाखवता येतात.