ट्रक सुटला तरी माल सुटत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याच्या गादीवर बसलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "ट्रक गेटबाहेर पडला की माल घेणाऱ्याचा. मग आपल्या हातात राहतो तो फक्त फोन." वाक्य चटपटीत आहे, निम्मं खरंही आहे. माल त्याचा होतो हे बरोबर. खरं तर मालकी बहुतेक वेळा ट्रक भरायच्याही आधी गेलेली असते. चुकतं ते 'फक्त फोन' म्हणण्यात. कारण त्या फोनने काय करता येतं, हे आपल्याकडच्या १९३० च्या माल विक्री कायद्यात लिहून ठेवलेलं आहे.

आधी एक गुंता सोडवू. मालकी, ताबा आणि पैसे या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि त्या एकाच वेळी हात बदलतातच असं नाही. सौदा ठरला, तुमच्या गोदामात दोनशे पोती त्याच्या नावाने वेगळी काढून ठेवली, की वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी त्याची झाली. ताबा अजून तुमच्याकडे आहे, पैसे त्याच्याकडे. रोखीचा सौदा असेल, किंवा उधारीची मुदत उलटून गेली असेल, तर पैसे हातात पडेपर्यंत पोती अडवून ठेवता येतात. हा धारणाधिकार, व्यापाऱ्यांच्या भाषेत 'लीन'. चौदा लाखांतले हजार रुपये राहिले असले तरी तो टिकतो, आणि चेक घेतला असेल पण तो वटला नसेल तरीही. मात्र तो किमतीपुरताच. "तुझी पोती सांभाळली, त्याचं गोदामभाडंही टाक, मग सोडतो" असं लीनच्या जोरावर म्हणता येत नाही.

लीन समजायला सोपा, कारण माल डोळ्यांसमोर असतो. मला मोह आहे तो त्यापुढच्या अवस्थेचा: माल तुमच्याकडेही नाही आणि त्याच्याकडेही नाही, तो रस्त्यावर आहे.

उदाहरण घेऊ. सांगलीहून दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला ५० किलोची २०० पोती, म्हणजे १०० क्विंटल हळद पाठवली. भाव क्विंटलला १४,०००, एकूण १४ लाख, उधारी तीस दिवसांची. ट्रक निघाला. तिसऱ्या दिवशी दिल्लीहून दलालाचा फोन येतो: "त्याचे सगळ्यांचेच चेक परत येताहेत, गाळा बंद आहे." तुमचे तीस दिवस अजून भरलेले नाहीत. तरी ट्रक थांबवता येतो.

का? कारण रस्त्यातला माल रोखायला खरेदीदाराचं दिवाळं निघालेलं असावं लागतं, आणि कायद्याने दिवाळ्याची व्याख्या इथे व्यवहारी ठेवली आहे. कोर्टाचा शिक्का लागत नाही. नेहमीच्या व्यवहारातली देणी देणं ज्याने थांबवलं, किंवा देय झालेली देणी जो देऊ शकत नाही, तो नादार. पण नुसतं "तो फोन उचलत नाही" एवढ्यावर ट्रक अडवलात आणि माणूस धडधाकट निघाला, तर नुकसानभरपाई तुमच्याच अंगावर येते. म्हणून दलालाच्या फोनवर न थांबता परत आलेल्या एक-दोन चेकचे फोटो मागवावेत.

आता रोखायचं कसं? ज्याच्या ताब्यात माल आहे त्याला कळवायचं. तो एक तर ड्रायव्हर, नाही तर ट्रान्सपोर्टचा मालक. यात एक बारीक मेख आहे. मालकाला कळवलं तर ते इतक्या लवकर कळवायला हवं, की त्याने नेटाने प्रयत्न केल्यास निरोप ड्रायव्हरपर्यंत माल उतरायच्या आत पोचेल. ट्रक दिल्लीच्या गोदामाच्या दारात उभा असताना सांगलीच्या ऑफिसला पत्र टाकून उपयोग नाही. नोटिशीचा ठरावीक नमुना नाही. फोन करावा आणि लगेच बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर, ट्रक नंबर, पोत्यांची संख्या लिहून मेसेज टाकावा, म्हणजे पुढे पुरावा राहतो. परतीचं भाडं तुम्हालाच भरावं लागतं, तेही मनाशी धरावं.

सगळा खेळ 'प्रवास संपला का' या एका प्रश्नावर चालतो. खरेदीदाराने स्वतःचा ट्रक पाठवला असेल तर प्रवास सुरूच झाला नाही. त्याच्या ड्रायव्हरच्या हाती माल गेला म्हणजे त्याच्याच हाती गेला. त्याचा माणूस ग्वाल्हेरला आडवा येऊन माल घेऊन गेला तर प्रवास तिथेच संपला. माल दिल्लीत पोचला, ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला "तुमची पोती आमच्याकडे तुमच्या नावाने ठेवतो" असं सांगितलं, तरीही संपला, पोती हललीही नसली तरी. उलट त्याने माल घ्यायलाच नकार दिला आणि तो ट्रान्सपोर्टकडे पडून असेल, तर प्रवास चालूच आहे. साठ पोती उतरली आणि एकशे चाळीस ट्रकमध्ये आहेत? सगळ्या मालावर पाणी सोडल्यासारखा तुमचा व्यवहार नसेल तर ती एकशे चाळीस रोखता येतात.

इथे एक कडू शेरा. ट्रकला लिंबू-मिरची लागते, अमावस्येला माल निघत नाही, आणि बिल्टीवर कोणाचं नाव टाकलं हे मात्र कोणी वाचत नाही. खरं संकट तिथे असतं.

कारण एक वाट अशी आहे जिथे तुमचा हक्क वाटेतच संपतो. नुसतं त्याने माल पुढे विकला म्हणून हक्क जात नाही. पण तुम्ही मालाचा हक्क दाखवणारा कागद त्याच्या हाती दिला असेल, रेल्वे रिसीट किंवा जहाजाची बिल ऑफ लेडिंग, आणि तो कागद त्याने एखाद्या सरळमार्गी माणसाला पैसे घेऊन विकला, तर त्या तिसऱ्या माणसापुढे तुमचं काही चालत नाही. कागद बँकेत तारण ठेवला असेल, तर आधी बँकेचे पैसे, मग तुमचा हक्क. हे तत्त्व इंग्लंडमध्ये १७८७ च्या लिकबॅरो विरुद्ध मेसन या खटल्यात मांडलं गेलं. तिथे नेदरलँड्सहून लिव्हरपूलला निघालेलं धान्य होतं. म्हणून जाणता व्यापारी बिल्टी 'सेल्फ'च्या, म्हणजे स्वतःच्याच नावाने काढतो आणि कागद बँकेमार्फत पाठवतो: पैसे भरा, बिल्टी घ्या.

समजा आपली हळद परत आली. सौदा मात्र मोडलेला नाही, हे विसरलं की पुढे गोची होते. द्राक्षं किंवा भाजी असती तर थेट विकता आली असती, नासणाऱ्या मालाला नोटीस लागत नाही. हळद टिकते, म्हणून आधी दिल्लीला कळवायचं: अमुक दिवसांत पैसे भरा, नाही तर विकतो. वाजवी मुदत उलटल्यावर भाव पडून १२,५०० झाला, साडेबारा लाखच आले, तर दीड लाखाचा तोटा त्याच्याकडून मागता येतो. दिवाळखोराकडून किती हाती लागतील ही गोष्ट वेगळी. भाव चढून १५,५०० झाला तर वरचे दीड लाख तुमचे. पण नोटीस न देता विकलं तर सगळं उलटतं: तोटा मागता येत नाही, आणि नफा मात्र त्या न देणाऱ्याचा होतो. नव्या गिऱ्हाईकाला काळजी नाही, नोटीस दिली नसली तरी त्याची मालकी पक्की. आणि मुदतीच्या आत दिल्लीवाला चौदा लाख घेऊन दारात उभा राहिला, तर भाव कितीही चढलेला असो, पोती त्यालाच द्यावी लागतात.