महसूलबाह्य पाणी व पाळीच्या पुरवठ्यातील गळतीशोध

नगरपालिकेने शुद्ध करून जलकुंभातून सोडलेले, पण ज्याचा पैसा वसूल होत नाही असे पाणी म्हणजे महसूलबाह्य पाणी. जलवाहिन्यांची गळती, चोरून घेतलेल्या जोडण्या आणि बंद पडलेले मीटर ही त्याची मुख्य कारणे. केंद्र सरकारच्या सेवा मानकांनुसार हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत असावे.

गळती मोजण्यासाठी शहराचे छोटे विभाग पाडतात. अभियंते अशा विभागाला डीएमए म्हणतात. एका विभागात साधारण ५०० ते ३,००० नळजोडण्या असतात, पाणी शक्यतो एकाच ठिकाणाहून आत येते आणि तिथे मोठा मीटर बसवतात. हद्दीवरचे व्हॉल्व्ह खरेच बंद आहेत का, हे आधी पाहावे लागते. मुख्य व्हॉल्व्ह बंद करूनही विभागातला दाब शून्यावर आला नाही, तर शेजारच्या विभागाचे पाणी कुठून तरी आत येत आहे.

रात्री दोन ते चारच्या दरम्यान लोक झोपलेले असतात. तेव्हा मीटरमधून जाणारे पाणी बहुतांशी गळतीचे, असे ही पद्धत मानते. मराठवाड्यात मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. इथल्या अनेक गावांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. पाळी आली की रात्री दोनलाही हौद, बॅरल, गच्चीवरच्या टाक्या भरणे चालू असते, आणि अनेक नळांना तोटीच नसते. म्हणून चाचणीपुरते त्या एका विभागाला दीड-दोन दिवस सलग पाणी द्यावे लागते. तोट्या आधी बसवून घ्याव्यात आणि घरची साठवण भरली की मगच आकडा वाचावा.

समजा, १,००० जोडण्यांच्या विभागात हा आकडा तासाला १८ घनमीटरवर स्थिरावला. घरांचा रात्रीचा वापर २ घनमीटर धरला तर गळती १६ उरते. पाचव्या दिवशी चार तास पाणी सोडले, तर पाळीला ६४ घनमीटर वाया जाते. तोच विभाग चोवीस तास चालू ठेवला, तर पाच दिवसांत १,९२० घनमीटर, म्हणजे तीसपट. पाळीच्या वेळी सगळे नळ उघडे असल्याने दाब कमी असतो, त्यामुळे ६४ हा आकडाही वरचाच समजावा. गळती न काढता रोज पाणी देण्याची घोषणा फसते ती इथेच.

पुढे टोकाच्या गल्लीपासून एकेक व्हॉल्व्ह बंद करत यायचे. पहिल्या गल्लीला प्रवाह १८ वरून १७.४ होतो, दुसरीला १६.९, आणि तिसरीला एकदम ९.१. तिसऱ्या गल्लीत व्हॉल्व्हमन लोखंडी सळई व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकवून दुसरे टोक कानाला लावतो. लोखंडी नळात गळतीची सळसळ लांबवर ऐकू येते. पीव्हीसीत ती थोड्याच अंतरात विरते, तिथे प्रत्येक जोडणीवर सळई टेकवावी लागते. ओल दिसण्याची वाट पाहू नये. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, त्या हालचालीने सांधे निखळतात आणि पाणी भेगांतून खालच्या मुरमात किंवा जवळच्या नाल्यात उतरते. रस्ता कोरडाच राहतो.

दुरुस्तीनंतर त्याच वेळी पुन्हा वाचन घेतात. आकडा १०.५ वर आला, तर मोठी फूट बुजली. उरलेली गळती बहुधा फेरूलजवळच्या, म्हणजे घरचा नळ मुख्य वाहिनीला जोडणाऱ्या तुकड्याजवळच्या, घरोघरच्या जोडण्यांवर थोडी थोडी विखुरलेली असते. ती सळईने सहज सापडत नाही. तिथे जुन्या जोडण्या बदलाव्या लागतात.