काकडीचं पाणी चाळणीत की वाटीत?

रायतं कालवलं तेव्हा चमच्यावर छान उभं राहत होतं. पानं वाढेपर्यंत अर्धा तास गेला आणि वाढायला घेतलं तर वर फिकट पाणी, खाली काकडीचे तुकडे आणि मधे विरळ झालेलं दही. दही तर घट्ट होतं, वरून पाण्याचा थेंबही घातला नव्हता. बहुतेक घरांत दोष दह्याला दिला जातो, पण पाणी बहुतेक वेळा काकडीतून आलेलं असतं आणि तिला ते सोडायला लावतं आपणच घातलेलं मीठ.

काकडीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असतं. सोलून, बिया काढून २५० ग्रॅम काकडी घेतली, तर त्यात जवळपास २३७ ग्रॅम पाणी झालं. बाकीच्या १२-१३ ग्रॅममध्ये साखर, तंतू, क्षार असं सगळं आलं. एवढं पाणी असूनही काकडी हातात कोरडी आणि टणक लागते, कारण ते पाणी लाखो पेशींमध्ये कोंडलेलं असतं. प्रत्येक पेशीच्या आत पाण्याने भरलेली एक मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. ती आतून दाबते, बाहेरची भिंत तो दाब अडवते, आणि या रेटारेटीतून काकडीला तो करकरीतपणा येतो. हवा भरलेली सायकलची ट्यूब टणक लागते, तसंच हे.

आपण काकडी चिरतो तेव्हा सुरीच्या वाटेतल्या पेशी फुटतात आणि त्यांचं पाणी लगेच बाहेर येतं. बाकीच्या पेशी शाबूत असतात. मग त्यांचं पाणी कसं सुटतं? मीठ घातलं की ते कापलेल्या भागावरच्या ओलाव्यात विरघळतं आणि तिथे खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो. पेशीचं पटल पाण्याला सहज जाऊ देतं, मिठाला मात्र सुरुवातीला अडवतं. बाहेर क्षार जास्त, आत कमी, अशी स्थिती आली की पाणी आतून बाहेर जाऊ लागतं आणि दोन्हीकडचं प्रमाण जुळत येईपर्यंत जात राहतं. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. नुसत्या एक टक्का मिठाच्या पाण्याचा परासरण दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे आठपट भरतो. शिवाय मीठ नुकतंच भुरभुरलेलं असताना तुकड्यावरचा थर एक टक्क्यापेक्षा कितीतरी खारट असतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत पाणी सगळ्यात वेगाने सुटतं.

साखरही हेच काम करते, पण तिचा जोर बराच कमी. मिठाचे कण हलके असतात आणि पाण्यात त्यांचे दोन-दोन भाग होतात. साखरेचा एकेक रेणू मात्र जड आणि एकटा. वजनास वजन धरलं तर मीठ साखरेच्या जवळपास बारापट जोराने पाणी ओढतं. त्यामुळे रायत्यात चिमूटभर साखर घातली म्हणून पाणी सुटलं, हे मला पटत नाही.

आता हे पाणी दह्यात उतरलं की काय होतं ते पाहू. वरच्या २५० ग्रॅम काकडीला ३०० ग्रॅम दही घेतलं आणि सगळं एकत्र करून त्यात मीठ घातलं. काकडीने आपल्या वजनाच्या ३० टक्के पाणी सोडलं असं धरलं, तर ते ७५ ग्रॅम होतं, म्हणजे साधारण अर्धी वाटी. घट्ट दह्यात कुणी जाणूनबुजून अर्धी वाटी पाणी ओतणार नाही, पण मीठ घालून आपण तेच केलेलं असतं. दह्याची घट्टी प्रथिनांच्या जाळीवर उभी असते. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, आम्लामुळे केसीन नावाच्या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांची सलग जाळी बनते आणि तिच्या पोकळ्यांत पाणी अडकून राहतं. रायतं कालवताना चमच्याने ती जाळी आधीच तुटलेली असते. उरलेल्या तुकड्यांमध्ये वरून पाणी आलं की ते एकमेकांपासून दूर होतात आणि दही झपाट्याने पातळ लागायला लागतं. पाणी पावपट वाढलं तर घट्टी पावपटच कमी होईल असं होत नाही, ती त्याहून बरीच जास्त उतरते.

काकडीचं पाणी सुटू नये म्हणून धडपडण्यापेक्षा ते कुठे आणि कधी सुटावं हे ठरवावं. दह्यात सुटण्याआधी ते चाळणीत सोडून द्यायचं.

२५० ग्रॅम काकडीचे बारीक चौकोनी तुकडे करावेत किंवा ती जाडसर किसावी. बियांचा मऊ, बुळबुळीत गाभा आधीच चमच्याने खरवडून काढावा. तिथून पाणी सर्वांत सहज सुटतं आणि चावण्यासारखं त्यात काही नसतं. मग ३ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्याच्या आसपास, नीट चोळून काकडी चाळणीत घालावी आणि खाली भांडं ठेवावं. वीस ते पंचवीस मिनिटं पुरतात. झालं की नाही ते तुकड्यावरून कळतं. एक पातळसा तुकडा दोन बोटांत धरून वाकवावा. ताजी काकडी कटकन मोडते, पाणी सुटलेली न मोडता वाकते, कारण पेशींमधला दाब उतरलेला असतो. नंतर मूठभर काकडी घेऊन तळहातांमध्ये दाबावी. पिळवटून काढायची नाही, लगदा होतो. एवढ्या काकडीतून साधारण ६० ते ८० ग्रॅम पाणी निघतं. वजनकाटा असेल तर भांड्यातलं पाणी एकदा जरूर मोजावं. पुढच्या वेळी काकडीचा अंदाज डोळ्यांनीच येतो.

यात मिठाचा हिशेब चुकतो आणि रायतं खारट होतं, ही नेहमीची तक्रार. चोळलेल्या ३ ग्रॅममधलं काही मीठ पाण्याबरोबर निघून जातं, काही तुकड्यांत राहतं. समजा २ ग्रॅम राहिलं. १८० ग्रॅम काकडी आणि ३०० ग्रॅम दही मिळून ४८० ग्रॅम रायतं होतं, त्याला चवीपुरतं पावणेचार-चार ग्रॅम मीठ लागतं. म्हणून दह्यात आणखी २ ग्रॅमच्या आसपास घालायचं, तेही चव पाहून. आधी नेहमीएवढं मीठ दह्यात घातलं की काम बिघडलंच.

चाळणीचा उपाय टिकाऊ ठरतो तो फक्त पाणी आधी निघून गेलं म्हणून नाही. पाणी सुटता सुटता काकडीत मीठ शिरलेलं असतं. ती खारट काकडी खारट दह्यात पडली की दोन्हीकडचं प्रमाण जवळजवळ सारखं असतं आणि पाणी ओढायला फारसं कारण उरत नाही. मीठ न घालता नुसती दाबून पिळलेली काकडी पुढे पुन्हा पाणी सोडते. तिच्या उरलेल्या शाबूत पेशी अजून अळणी असतात आणि बाहेरचं दही खारट.

याची किंमतही आहे. पाण्याबरोबर काकडीचा ताजा वास बराचसा जातो आणि तुकडा करकरीत न राहता थोडा चिवट होतो. म्हणून लगेच खायचं असेल तर मी मीठ चोळत नाही. काकडी आणि दही वेगवेगळं थंड ठेवावं, मीठ अगदी पानं मांडल्यावर घालावं आणि दहा मिनिटांत संपवावं. तुकडे थोडे मोठे ठेवले तर आणखी बरं, कापलेला पृष्ठभाग कमी असला की पाणीही सावकाश सुटतं. किसलेल्या काकडीला मात्र ही सवलत नाही. किसणीने इतक्या पेशी फोडलेल्या असतात की मीठ नसलं तरी ती पाझरतेच.

कधी कधी दोष खरंच दह्याचा असतो. दह्यात चमच्याने खळगा केला की त्यात पिवळसर हिरवट पाणी जमतं, ती निवळी. हा रंग तिच्यातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. काकडीचं पाणी की निवळी हे कळायचं असेल तर त्याच दह्यातलं थोडं वेगळ्या वाटीत कालवावं, मीठ घालावं आणि काकडी न घालता रायत्याशेजारी ठेवावं. अर्ध्या तासाने त्यातही पाणी दिसलं तर दही फार आंबलंय किंवा त्याची जाळी मुळातच कमकुवत आहे. विरजण लावण्यापूर्वी दूध नीट उकळून काही मिनिटं गरम राहू दिलं तर दुधातली इतर प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात आणि जाळी पाणी अधिक घट्ट धरते. तयार पातळ दही मलमलच्या फडक्यात तासभर टांगून ठेवलं तरी चालतं. पार चक्का होऊ द्यायचा नाही, मग रायत्याचं रायतंपण जातं.

कांद्याचं गणित थोडं सोपं. त्यात पाणी काकडीपेक्षा कमी, नव्वद टक्क्यांच्या आत, आणि पेशीत साखर जास्त असल्याने मिठाला पाणी ओढायला जोर लागतो. शिवाय पाकळीच्या दोन्ही बाजूंना पातळ साल असते, म्हणून पाणी मुख्यतः कापलेल्या कडेने सुटतं. देठापासून मुळापर्यंत उभा चिरलेला कांदा आडव्या चिरलेल्यापेक्षा कमी पाझरतो, कारण पेशी त्याच दिशेने लांबट असतात आणि उभ्या चिरण्यात त्या कमी तुटतात. मीठ लावून कांदा हाताने चुरण्याची सवय मात्र रायत्यापुरती सोडावी. तिखटपणा कमी करायला धुतला असेल तर फडक्याने कोरडा करूनच दह्यात घालावा.

बुंदी तर उलटीच वागते. तळताना तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघून गेलेलं असतं आणि जागी बारीक पोकळ्या राहिलेल्या असतात. ती पाणी सोडत नाही, पिते. बुंदीचं रायतं पातळ होतं ते कोमट पाण्यात भिजवलेली बुंदी न दाबता दह्यात टाकल्यामुळे. पोकळ्यांत भरलेलं ते पाणी कालवताना बाहेर येतं. भिजवून तीन-चार मिनिटांनी ती तळहातांमध्ये हलकेच दाबली की पुरे. कोरडीच घातली तर ती दह्यातलं पाणी शोषून घेते आणि अर्ध्या तासात रायतं इतकं घट्ट होतं की वरून दूध घालावं लागतं. हे ध्यानात ठेवून कोरडी बुंदी घालायची असेल तर दही मुद्दाम थोडं पातळ कालवावं. दाण्याचं कूटही असंच थोडं पाणी धरतं, म्हणून काकडीत ते घालायचं असेल तर वाढण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी घालावं, फार आधी घातलं तर ते फुगून रायत्याचा चिखल होतो.

चाळणीखाली जमलेलं काकडीचं पाणी थालीपिठाचं पीठ भिजवायला घेतलं तर त्यात मीठ आधीच आहे हे विसरू नये.